दोन टक्के तोटा आला कुठून?

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी सराव परीक्षा असते. कुणी पोलीस भरतीची तयारी करतं, कुणी बँकेची, कुणी स्टाफ सिलेक्शनची. अंकगणिताचे पंचवीस प्रश्न मी काढतो आणि उत्तरपत्रिकेबरोबर कच्च्या कामाचा कागदही मागून घेतो. मुलांना सुरुवातीला हे आवडत नाही, पण तो कागद नसेल तर चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्यापलीकडे माझ्या हातात काही राहत नाही. काय चुकलं हे तिथेच दिसतं.

गेल्या महिन्यातल्या परीक्षेत नफा-तोट्याचा एक प्रश्न होता. एका दुकानदाराने एका वस्तूवर खरेदी किमतीपेक्षा ४० टक्के जास्त किंमत छापली. ग्राहकाला त्याने २० टक्के व १० टक्के अशी लागोपाठ सूट दिली. तर या व्यवहारात त्याला शेकडा किती नफा किंवा तोटा झाला? पर्याय चार होते: (१) १० टक्के नफा, (२) २ टक्के तोटा, (३) १२ टक्के नफा, (४) ०.८ टक्के नफा.

एका मुलीने दुसऱ्या पर्यायाला गोल केला होता. ही मुलगी कधी अंदाजाने उत्तर देत नाही. तिच्या कच्च्या कागदावर बारीक पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी होत्या. खरेदी १००. छापील १४०. सूट २० + १० = ३०. १४० चे ३० टक्के ४२. विक्री ९८. त्याखाली, अधोरेखित करून, तोटा २ टक्के. कुठेही खाडाखोड नव्हती. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, आणि उत्तर चूक. तिला बोलावलं तेव्हा तिने कागदावर बोट ठेवून सरळ विचारलं, "सर, वीस आणि दहा तीसच होतात ना?"

हा प्रश्न मी फार वेळा ऐकलेला आहे. तो विचारणाऱ्याला 'अगं, सूत्र आहे ना त्याचं' म्हणून वाटेला लावणं सोपं असतं. पण वीस आणि दहा तीस होतात हे तिचं म्हणणं खरंच आहे. ते इथेच का चालत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

आम्ही आकडे थोडे मोठे घेतले, म्हणजे नोटा डोळ्यांसमोर येतील. वस्तू दुकानदाराला ५०० रुपयांना पडली. त्यावर ४० टक्के, म्हणजे २०० रुपये चढवून त्याने चिठ्ठीवर ७०० रुपये छापले. मी तिला म्हटलं, तू गल्ल्यावर बस. गिऱ्हाईक आलं, पहिली सूट २० टक्के. सातशेचे वीस टक्के १४०. किंमत झाली ५६०. आता दुसरी सूट दे. तिने पेन्सिल उचलली आणि लिहायच्या आधीच थांबली. "सर, दहा टक्के कशाचे? सातशेचे की पाचशे साठचे?"

सगळी गोम या एका प्रश्नात आहे. लागोपाठ सूट म्हणजे पहिली सूट देऊन झाली, नवी किंमत ठरली, आणि आता त्या नव्या किमतीवर दुसरी सूट. दुसरी सूट लावायची वेळ येते तेव्हा गल्ल्यावर सातशे रुपये नसतातच, ५६० असतात. त्याचे दहा टक्के ५६. विक्री किंमत ५०४. पाचशेला आणलेली वस्तू पाचशे चारला गेली, चार रुपये सुटले. पाचशेवर चार म्हणजे शेकडा ०.८ नफा. चौथा पर्याय.

तिच्या रीतीने गेलं तर सातशेचे तीस टक्के २१० वजा होतात, विक्री ४९० ला होते आणि दहा रुपये अंगावर येतात. ५०४ आणि ४९० यांत फरक १४ रुपयांचा. हे चौदा रुपये कुठून आले, याचा माग काढायला आम्ही एक आलेख कागद घेतला.

त्यावर दहा बाय दहाचा चौकोन आखला. शंभर घरं, आणि छापील किंमत ७०० म्हणून प्रत्येक घर सात रुपयांचं. पहिली सूट २० टक्के, म्हणून उजवीकडचे दोन उभे रकाने कात्रीने कापले. वीस घरं गेली, ऐंशी उरली. दुसरी सूट दहा टक्के, म्हणून खालची एक आडवी ओळ कापायची. तिने कात्री लावली, तुकडा हातात घेतला आणि मोजला. आठ घरं. दहा नाही, आठ. कारण त्या ओळीची उजवीकडची दोन घरं आधीच, उभ्या रकान्यांबरोबर, कापली गेली होती. टेबलावर पडलेल्या दोन्ही तुकड्यांची मिळून अठ्ठावीस घरं झाली आणि हातात राहिली बहात्तर. बहात्तर गुणिले सात, ५०४.

बेरीज करणारा माणूस त्या कोपऱ्यातली दोन घरं दोनदा कापतो. दोन घरं, सात रुपयांची एक, मिळून चौदा रुपये. पहिल्या सुटीत जे १४० रुपये दुकानदाराने सोडून दिले, त्यांच्यावरही दहा टक्के सूट दिल्यासारखं तो धरतो. पण ते १४० रुपये गिऱ्हाइकाने द्यायचेच नव्हते. जे द्यायचंच नाही, त्यावर सूट कसली? एकशे चाळीसचे दहा टक्के चौदा, हिशेब तिथेच जुळतो.

कागदाचा तो चौकोन आणखी एक शंका मिटवतो. आधी दहा टक्के आणि मग वीस टक्के दिले तर? मुलं हे हमखास विचारतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की मोठी सूट आधी दिली तर गिऱ्हाइकाचा फायदा जास्त. चौकोनात आधी आडवी ओळ कापा आणि मग उभे रकाने, उरणारी घरं बहात्तरच. सातशेचे दहा टक्के सत्तर, उरले ६३०. त्याचे वीस टक्के १२६, उरले ५०४. क्रम कुठलाही घ्या. कारण दोन्हीकडे आपण ७०० ला ०.८ ने आणि ०.९ ने गुणतो आहोत, आणि गुणाकारात कुणी आधी आलं, कुणी नंतर, याने फरक पडत नाही.

परीक्षेच्या पुस्तकांत यासाठी एक सूत्र दिलेलं असतं: दोन्ही सुटींची बेरीज करा आणि त्यातून दोन्हींच्या गुणाकाराला शंभराने भागून येणारा आकडा वजा करा. वीस आणि दहाची बेरीज तीस, गुणाकार दोनशे, भागिले शंभर दोन, म्हणून एकत्र सूट २८ टक्के. मुलं हे सूत्र पाठ करतात आणि महिन्याभराने विसरतात, किंवा वजाच्या जागी अधिक करतात. त्या मुलीलाही ते शिकवलेलं होतं. कागद कापल्यावर मी तिला फक्त एवढंच दाखवलं की सूत्रातले ते वजा दोन म्हणजे कोपऱ्यातली ती दोन घरं. वीस अधिक दहा करताना आपण ती दोनदा मोजली, म्हणून एकदा परत घेतली. एवढं लक्षात राहिलं तर चिन्ह चुकण्याची वेळ येत नाही. आणि तीन सुटी लागोपाठ आल्या तर हे सूत्र दोनदा वापरावं लागतं, त्यापेक्षा सरळ गुणाकार बरा. २०, १० आणि ५ टक्के सूट असेल तर ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९५, उत्तर ०.६८४. म्हणजे एकूण सूट ३१.६ टक्के, बेरजेने येणारे पस्तीस नव्हेत.

आता चार पर्यायांकडे पुन्हा पाहू, कारण प्रश्न काढणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल सांगायला हवं. बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय मनाला येतील तसे टाकलेले नसतात. मुलं कुठे चुकतात ते पाहून, त्या चुकीने जे उत्तर येतं तेच पर्यायांत ठेवलं जातं. पहिला पर्याय, १० टक्के नफा, हा चाळीसमधून सरळ तीस वजा करणाऱ्यासाठी आहे. तो सुटींचीही बेरीज करतो आणि चढवलेली किंमत व सूट एकाच आकड्याची टक्केवारी आहे असंही धरतो. खरं तर चाळीस टक्के हे खरेदीच्या ५०० वरचे आहेत आणि सूट छापील ७०० वरची. तिसरा पर्याय, १२ टक्के नफा, हा सुटींचं बरोबर गणित करून २८ काढणाऱ्या, पण मग चाळीसमधून अठ्ठावीस वजा करून मोकळं होणाऱ्या मुलासाठी आहे. त्याला लागोपाठ सूट कळली, पण आधार बदलतो हे त्याला एका जागी कळलं आणि दुसऱ्या जागी निसटलं. ७०० चे २८ टक्के १९६ होतात, चढवलेले मात्र २०० होते. चार रुपयेच उरणार.

आणि दुसरा पर्याय, २ टक्के तोटा, हा त्या मुलीसारख्यांसाठी. तिने खरेदी किंमत आणि छापील किंमत यांची गल्लत केली नव्हती. नफा खरेदीवर मोजायचा आणि सूट छापील किमतीवर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकाच जागी बेरीज झाली आणि नफ्याचा तोटा झाला. म्हणून १० टक्क्यांना गोल करणारा मुलगा आणि २ टक्के तोट्याला गोल करणारी मुलगी या दोघांना एकच शून्य देणं मला पटत नाही, पण यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेला हा फरक दिसत नाही. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर स्तरावरच्या पहिल्या टप्प्यात एका प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. बरोबर आणि चूक यांत अडीच गुणांचं अंतर पडतं. शंभर प्रश्नांना साठ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. तेवढ्यात वीस अधिक दहा तीस आपोआप लिहिलं जातं.

४० टक्के हा आकडा मी मुद्दाम निवडला होता, हेही सांगतो. बेरजेने विक्री किंमत छापील किमतीच्या ०.७० पट येते आणि खऱ्या गणिताने ०.७२ पट. दुकानदाराने किंमत साधारण ३८.९ ते ४२.८ टक्क्यांच्या दरम्यान चढवलेली असेल, तरच बेरीज करणाऱ्याला तोटा दिसतो आणि खऱ्या हिशेबात नफा असतो. पन्नास टक्के चढवले असते तर दोन्ही रीतींनी नफाच आला असता, बेरजेने ५ टक्के आणि खरा ८ टक्के. तीस टक्के चढवले असते तर दोन्हीकडे तोटा, बेरजेने ९ टक्के आणि खरा ६.४. चाळीसच्या आसपास उत्तराची दिशाच उलटते. तिथे चूक सगळ्यात जास्त बोचते, आणि बोचलेलं लक्षात राहतं.

वरच्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. बेरजेने केलेलं गणित दर वेळी दुकानदाराला खऱ्यापेक्षा वाईट अवस्थेत दाखवतं: नफा असेल तर कमी, तोटा असेल तर जास्त. कारण दोन लागोपाठ सुटींची बेरीज खऱ्या एकत्र सुटीपेक्षा नेहमी मोठीच असते. परीक्षेत उत्तर तपासायला याचा उपयोग होतो. सुटी दोन आहेत, दोन्ही शून्याहून मोठ्या आहेत आणि तुमची एकत्र सूट त्यांच्या बेरजेइतकीच आली, तर थांबा, कोपऱ्यातली घरं दोनदा कापली गेलीत. आणि शंका राहिलीच तर ५० टक्के आणि ५० टक्के अशी सूट मनात धरून बघा. बेरजेने शंभर होतात, म्हणजे वस्तू फुकट. कुठला दुकानदार अशी पाटी लावेल? पहिल्या पन्नासने ७०० चे ३५० होतात, दुसऱ्या पन्नासने १७५. एकूण सूट ७५ टक्के. ६० आणि ५० घेतलं तर बेरीज ११० येते, म्हणजे दुकानदाराने वस्तू देऊन वर सत्तर रुपयेही द्यायचे. एवढ्या मोठ्या आकड्यांनी बघितलं की चूक लपत नाही.

छोट्या आकड्यांत मात्र ती छान लपते, आणि सवय तिथेच लागते असं मला वाटतं. २ टक्के आणि १ टक्का अशी सूट असेल तर बेरीज ३ आणि खरी सूट २.९८. सातशे रुपयांवर हा फरक चौदा पैशांचा. इतका फरक बिलावर कुणाच्या डोळ्यांत भरणार? ५ आणि ५ टक्क्यांना फरक पाव टक्क्याचा पडतो. सूट जशी वाढत जाते तसा फरक भराभर वाढतो, कारण तो दोन सुटींच्या गुणाकारावर चालतो. दोन्ही सुटी दुप्पट केल्या तर फरक चौपट. दहा-दहाला एक टक्का, वीस-वीसला चार टक्के, चाळीस-चाळीसला सोळा टक्के.

पण त्या मुलीच्या मूळ प्रश्नाला उत्तर देताना मला एवढ्यावर थांबता येत नव्हतं. टक्क्यांची बेरीज कधीच चालत नाही असं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. घरात पगाराचे वीस टक्के भाड्याला जातात आणि दहा टक्के कर्जाच्या हप्त्याला, तर मिळून तीस टक्केच जातात. दोन्ही टक्के एकाच पगाराचे आहेत. हॉटेलच्या किंवा दुकानाच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर वेगवेगळे छापलेले असतात. ९ टक्के आणि ९ टक्के असतील तर कर १८ टक्केच होतो, १८.८१ नाही, कारण दोन्ही कर एकाच करपात्र रकमेवर लागतात. एसजीएसटी काढताना सीजीएसटी आधी मिळवायचा नसतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी मात्र कारखान्याच्या मालावर आधी उत्पादन शुल्क लागायचं आणि ते धरून झालेल्या किमतीवर व्हॅट. तिथे सरळ बेरीज केली तर कर कमी दिसायचा. आधार एकच असेल तर टक्क्यांची बेरीज करा, आधार बदलत गेला तर गुणाकार.

प्रश्नातले शब्द हेच सांगत असतात. 'लागोपाठ सूट', 'सलग सूट', 'क्रमवार सूट', 'त्यानंतर आणखी १० टक्के' असं लिहिलं असेल तर दुसरी सूट उरलेल्या किमतीवर. 'छापील किमतीवर २० टक्के आणि सभासदांना छापील किमतीवरच आणखी १० टक्के' असं असेल तर दोन्हींचा आधार एकच, तिथे तीस टक्के बरोबर. 'अनुक्रमे' या शब्दाने मात्र घोटाळा होतो. 'दोन वस्तूंवर अनुक्रमे २० टक्के व १० टक्के सूट' म्हणजे पहिलीवर वीस आणि दुसरीवर दहा. ही लागोपाठ सूट मुळीच नाही. घाईत वाचताना 'अनुक्रमे' आणि 'क्रमवार' यांची सरमिसळ होते, म्हणून मी मुलांना त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगतो.

लागोपाठ सुटीची ही रीत परीक्षेसाठी कुणी बनवलेली नाही, ती बाजारातूनच आली आहे. आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे, तिथे छापील किंमत आणि शेकडा सूट हे शब्द मुलांना भेटतात. पण दोन सुटी एकापाठोपाठ का द्याव्या लागतात, हे वाणिज्य शाखेच्या पुस्तपालनात जास्त नीट कळतं. घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला दोन तऱ्हेची सूट देतो. एक व्यापारी सूट, दुकानदार माल पुढे विकणार म्हणून यादीतल्या किमतीवर दिलेली. दुसरी रोख सूट, ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते केले म्हणून दिलेली. समजा यादीची किंमत १०,००० रुपये, व्यापारी सूट २० टक्के आणि आठ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के रोख सूट. बिल फाडलं जातं ८,००० रुपयांचं. व्यापारी सूट बिलावरच वजा होते, वहीत तिची वेगळी नोंद होत नाही. दुकानदाराच्या खात्यावर देणं लिहिलं जातं ते आठ हजारच. तो वेळेत पैसे घेऊन आला तर सूट मिळणार ती त्याच्या देण्यावर, म्हणजे आठ हजारांवर, १६० रुपये. तो ७,८४० देतो.

इथे कुणी २० आणि २ मिळवून २२ टक्के काढले तर ७,८०० होतात, चाळीस रुपये कमी. पण त्या दोन हजारांचं देणं दुकानदाराच्या नावावर कधी चढलंच नव्हतं, मग ते लवकर फेडल्याचं बक्षीस त्याला कोण देणार? वहीत लिहिणाऱ्या दिवाणजीला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याच्यासमोरच्या खात्यावर दहा हजार हा आकडा नसतो. परीक्षेला बसलेल्या मुलासमोर मात्र छापील किंमत आणि दोन्ही सुटी एकाच ओळीत असतात, एकाच वेळी दिसतात. पहिली सूट झाली, किंमत बदलली, मग दुसरी आली, हा वेळेचा क्रम त्या ओळीत हरवतो. चुकीचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

कपड्यांच्या दुकानांत हल्ली '४०% + २०%' अशा पाट्या लागलेल्या असतात. मधलं ते अधिकचं चिन्ह बघून कुणालाही साठ टक्के वाटावेत. दोन हजारांचा शर्ट चाळीस टक्क्यांनी बाराशेला येतो, त्यावर वीस टक्क्यांनी ९६० ला. साठ टक्के सूट धरून गेलेल्या माणसाच्या मनात ८०० असतात. काउंटरवर एकशे साठ रुपयांचा फरक पडतो आणि दुकानदाराने फसवल्यासारखं वाटतं. खरी सूट ५२ टक्के आहे आणि बिल बरोबर आहे. तरी पाटीवर सरळ '५२ टक्के' लिहिणं जास्त प्रामाणिक झालं असतं, हे माझं मत आहे.

याच गणिताची उलटी बाजू त्याच दिवशी आम्ही केली, कारण परीक्षेत तीही येते. २० टक्के आणि १० टक्के लागोपाठ सूट दिल्यावर वस्तू ५०४ रुपयांना विकली गेली, तर छापील किंमत किती? बेरीज करणारा ५०४ ला ०.७० ने भागतो आणि ७२० मिळवतो. किती नीटनेटका आकडा! भागाकार निःशेष जातो, म्हणून संशयही येत नाही. बरोबर उत्तर ५०४ भागिले ०.७२, म्हणजे ७००. ताळा करायला फार तर दहा सेकंद लागतात. ७२० वरून वीस टक्के काढा, ५७६. त्यावरून दहा टक्के काढा, ५१८.४०. प्रश्नात तर ५०४ दिलेत. पर्याय हातात असले की त्यातला एक घेऊन असं वरून खाली उतरत यावं, सूत्र आठवलं नाही तरी अडत नाही. हा ताळा तिने मला न विचारता स्वतःच करून बघितला.

मूळ प्रश्नातही ताळा असाच होता, पण तिथे ०.८ टक्के या उत्तराची मुलांना भीती वाटते. दशांशात आलेलं उत्तर म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटतं आणि ती पूर्णांकाकडे वळतात. नफा-तोट्याच्या प्रश्नात असं समजायला काही आधार नाही. ४० टक्के चढवून २८ टक्के सोडले तर १.४ गुणिले ०.७२ बरोबर १.००८ एवढंच उत्तर आहे.

दुसऱ्या रविवारी मी तोच प्रश्न आकडे बदलून ठेवला. २५ टक्के चढवलेली किंमत, १० आणि १० टक्के लागोपाठ सूट. बेरजेने उत्तर येतं ना नफा ना तोटा, आणि तो पर्याय अर्थातच ठेवलेला होता. तिच्या कच्च्या कागदावर या वेळी एक छोटा चौकोन काढलेला होता, उजवीकडची एक उभी आणि खालची एक आडवी ओळ रेघांनी भरलेली, आणि कोपऱ्यातल्या एका घराभोवती वर्तुळ. खाली १२५ गुणिले ०.८१ बरोबर १०१.२५. नफा सव्वा टक्का.

अंकगणित शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की उत्तरपत्रिकेबरोबर कच्चा कागद मागून घ्या. दुसऱ्या पर्यायाला गोल करणारी मुलगी कुठे चुकली, ते त्या कागदावरच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं.